अंगावरून पांढरं जातंय? गोळी घेण्याआधी या चुका टाळा

नागपूरच्या मिहानमध्ये नोकरी करणारी 26 वर्षांची एक मुलगी तपासायला आली, तेव्हा तिच्या पर्समध्ये योनीत ठेवायच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट होतं. चार महिन्यांत तिसऱ्यांदा तिनं तीच गोळी दुकानातून परस्पर आणली होती. "डॉक्टर, आधी दोनदा गुण आला, या वेळी का नाही?"

मी आधी पाळीच्या तारखा विचारल्या. तिची पाळी 32 दिवसांनी येते. पहिल्या दोन्ही वेळा तक्रार सुरू झाली होती सोळाव्या दिवसाच्या आसपास, आणि स्राव होता कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा, पारदर्शक, बोटांत ताणला जाणारा. खाज नाही, वास नाही. बीज साधारण पुढच्या पाळीच्या 14 दिवस आधी सुटतं, म्हणजे तिचं अठराव्या दिवसाच्या सुमारास. त्याआधी इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढतं आणि असा स्राव तीन-चार दिवस येतोच. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉनमुळे तो घट्ट, पांढरट आणि कमी होतो. आपोआप थांबणारी गोष्ट थांबली, श्रेय गोळीला मिळालं. कपड्यावर वाळून पिवळसर डाग दिसला की पुष्कळ जणी घाबरतात, पण तेवढ्यावरून संसर्ग ठरत नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडली. भीतीपोटी तिनं रोज सुगंधी वॉशनं आतून धुवायला सुरुवात केली होती. योनीतले लॅक्टोबॅसिलस जिवाणू तिथं आम्लता टिकवतात. आतून धुतल्यानं नेमका त्यांचाच तोल बिघडतो. या वेळचा स्राव पातळ, राखाडी होता, मासळीसारखा वास येत होता, संबंधानंतर जास्त. खाज जवळपास नव्हती. पीएच पट्टीवर 4.5 च्या वर आकडा आला, म्हणजे आम्लता कमी झाली होती. हा बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडून होणारा त्रास. तिची क्लोट्रिमॅझोलची गोळी बुरशीवरची, इथं तिचा उपयोगच नव्हता. मेट्रोनिडाझोल सात दिवस दिलं, वॉश बंद केला. बाहेरून साधं पाणी पुरतं.

बुरशी असती तर दह्याच्या गुठळ्यांसारखा स्राव, असह्य खाज, लघवीला जळजळ, आणि वास जवळपास नाही, असं चित्र दिसलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात घामानं भिजलेल्या सिंथेटिक लेगिंग्जमध्ये दिवस काढणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. वर्षात तीन-चारदा झाला तर रक्तातली साखर तपासा.

पांढरं गेल्यानं हाडं झिजतात, असं तिच्या मावशीनं सांगितलं होतं. तसं होत नाही. थकवा असेल तर हिमोग्लोबिन बघा.

ताप आणि ओटीपोटात दुखत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हिरवट-पिवळा फेसाळ स्राव, संबंधानंतर रक्त किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्ताळ स्राव, यांतही घरी थांबू नका. फेसाळ स्राव ट्रायकोमोनास या परजीवीचा निघाला तर नवऱ्यालाही औषध लागतं. गरोदरपणात खाज, वास किंवा रंग बदलला तर स्वतःच्या मनानं कुठलीच गोळी घेऊ नका. डागा, मेयो, मेडिकल, नागपूरच्या कुठल्याही सरकारी रुग्णालयात स्त्रीरोग विभागात जाताना पाळीच्या तारखा लिहून न्या, आणि आधीचे दोन दिवस आत क्रीम किंवा गोळी ठेवू नका, नाहीतर नमुन्यात औषधच दिसतं.