बोलून टाइप केलेला मेसेज: आधी वाक्यं तोडा, मग सूर बदला

बोलून टाइप केलेला सलग मेसेज तसाच नम्र करायला घेतला, तर त्यातली चूकही नम्र होऊन पुढे जाते.

समजा स्क्रीनवर आलं: ‘सर बिल पाठवलं नाही कोटेशन पाठवलंय उद्या बघून घ्या’

१. प्रत्येक क्रियापदापाशी थांबून पूर्णविराम द्या.

२. ‘नाही’, ‘नको’ नेमकं कशाला लागतं ते ठरवा. इथे बिल गेलंच नाही, की बोलता बोलता ‘बिल’ हा शब्द सुधारून ‘कोटेशन’ म्हटलंय? दुसरं असेल तर बिलाचा उल्लेखच काढा.

३. नावं, तारखा, रकमा मूळ कागदाशी ताडून पाहा.

४. आता सूर: ‘सर, कोटेशन पाठवलं आहे. उद्या बघून घ्याल का?’

सौम्य करताना ‘उद्या’चं ‘सवडीने’ होऊ देऊ नका, मुदतच हरवते.