धडा सोडू नका, धड्याचा शेंडा सोडा: दहावीच्या बीजगणितात हमखास होणाऱ्या चुका

सिद्धेश्वरांच्या गड्डा जत्रेतले पाळणे उतरले की माझा फोन वाजायला लागतो. "सर, बीजगणित काहीच झालं नाही. कुठले धडे सोडू?" सोलापुरात पूर्व भागात शिकवणी घेतोय, त्यामुळे दरवर्षी हा प्रश्न ऐकतो. काही तरी सोडावं लागणार, हे मलाही मान्य आहे. पण पोरं सोडतात ते नेमकं चुकीच्या जागी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रकरणांपुढचे गुण बघून अख्खे धडे कापणं. सहा प्रकरणांची विभागणी बहुतेकांना पाठ असते: रेषीय समीकरणं 12, वर्गसमीकरणं 12, श्रेढी 8, अर्थनियोजन 8, संभाव्यता 8, सांख्यिकी 12. बेरीज करा, 60 येते. पेपर मात्र 40 चा. वरचे 20 ऑप्शनचे आहेत, हे कुणी बघतच नाही.

दोन वर्षांपूर्वी एक पोरगा आला. वडील यंत्रमागावर, हा संध्याकाळी एका दुकानात हिशेब लिहायचा. म्हणजे आकडेमोड चांगली. तो म्हणाला, "सर, बारा, बारा आन् बारा, छत्तीस झाले की! बाकीचं कशाला करायचं?" मी नको म्हणालो, ऐकलं नाही. आठ आठ गुणांचे तिन्ही धडे त्याने सोडले. प्रिलिममध्ये मिळाले 16.

तो पेपर मी त्याच्यासमोर प्रश्नागणिक सोडवला, कारण त्याला वाटत होतं पेपरच वाकडा आला. पहिल्या प्रश्नाचे 8 गुण, तिथे ऑप्शन नसतो. त्यातले 3 त्याने सोडलेल्या धड्यांवर होते, ते गेले. दुसऱ्या प्रश्नात तीनपैकी दोन कृती करायच्या. त्याच्या धड्यातली एकच होती, म्हणजे 2 गुण. पाचपैकी चार सोडवायच्या गणितांत त्याची तीन, म्हणजे 6. तिसऱ्या प्रश्नात 3 ची एक कृती आणि 3-3 ची दोन गणितं. चौथ्यात 4-4 ची दोन, पाचव्यात 3 चं एक. सगळं अचूक आलं असतं तरी बेरीज 33 होते, 36 नाही. पाचव्या प्रश्नातली दोन्ही गणितं त्याच्याच धड्यातली होती आणि सोडवायचं असतं एकच. दुसरं वाया.

पण 33 च्या जागी 16 का? सगळ्यात मोठं कारण म्हणजे चौथ्या प्रश्नात त्याच्या वाट्याची दोन्ही गणितं शाब्दिक होती, एक वय-वर्षांचं, एक वर्गसमीकरण मांडायचं. पठ्ठ्याने प्रिलिमआधीच्या बारा दिवसांपैकी सहा ह्याच प्रकारावर घालवले होते. दोन्ही मिळून 1 गुण मिळाला, तोही "समजा" लिहिल्याबद्दल असावा. तिकडे सोडलेल्या संभाव्यतेत दोन नाणी फेकली तर नमुना अवकाश लिहा, एवढंच विचारलं होतं. चार घटक लिहायचे होते!

म्हणून मी धडा मोजत नाही, गणिताचा प्रकार मोजतो. प्रत्येक धड्याला बुंधा असतो आणि शेंडा असतो. श्रेढीत a आणि d काढून `tₙ = a + (n − 1)d` मध्ये किंमती ठेवणं हा बुंधा. थिएटरच्या खुर्च्यांची रांग मांडणं हा शेंडा. वर्गसमीकरणात अवयव, सूत्र आणि `b² − 4ac` वरून मुळांचं स्वरूप हा बुंधा. रेषीय समीकरणात क्रेमर. अर्थनियोजनात सीजीएसटी आणि एसजीएसटी सारखेच, म्हणजे जीएसटीचे निम्मे निम्मे, आणि शेअर अधिमूल्यावर आहे की अवमूल्यावर हे ओळखणं. पहिले दोन प्रश्न मिळून 20 गुण होतात, आणि ते बहुतेक बुंध्यावरच असतात. सहाही धड्यांचे बुंधे करायचे, सहाही शेंडे सोडायचे.

त्या पोराला मग दिवसाला दोन तास याप्रमाणे बारा दिवसांचे 24 तास वाटून दिले. संभाव्यता, श्रेढी, अर्थनियोजन प्रत्येकी 3. सांख्यिकी 5, कारण तिथे सूत्रात किंमत ठेवली की गुण मिळतात, पण सारणी लिहायला हात बसावा लागतो. रेषीय आणि वर्गसमीकरणं 4-4. उरलेल्या 2 तासांत घड्याळ लावून एक पूर्ण पेपर. सांख्यिकीत मध्य फक्त सरळ पद्धतीने शिकवला. गणितात दुसऱ्या पद्धतीचं नाव घेऊन विचारलं तर ते ऑप्शनला टाकायचं, हे आधीच ठरवलं.

दुसरी चूक जरा लपलेली आहे. पोरं "सोपं" आणि "अवघड" एवढेच दोन ढीग करतात. मग सोपं पुन्हा पुन्हा सोडवतात, कारण बरं वाटतं. नाहीतर अवघडाला भिडतात, कारण कुणी तरी छाती ठोकायला सांगितलेलं असतं. मी तीन ढीग करायला लावतो: येतंय, अडकतंय, कळतच नाही. ओळखायचं कसं? सरावसंचातलं न बघितलेलं गणित घ्या. अडलात तर उत्तराच्या पहिल्या दोन ओळी बघा आणि वही मिटा. पुढचं स्वतःचं स्वतः आलं तर ते "अडकतंय". दोन ओळी बघूनही पेन हलला नाही तर "कळतच नाही", त्याला आता हात लावू नका. सगळा वेळ मधल्या ढिगाला. घड्याळही बघा: 40 गुणांना 120 मिनिटं, म्हणजे गुणाला तीन. 2 गुणांच्या गणिताला दहा मिनिटं लागत असतील तर ते "येतंय"मध्ये नाही, कितीही बरोबर आलं तरी.

बाकीच्या चुका थोडक्यात. पहिल्या प्रकरणापासून क्रमाने सुरुवात करू नका. रेषीय समीकरणंच आठवडा खातात आणि सांख्यिकी शेवटी असल्याने मरते. व्हॉट्सअॅपवर फिरणारी "हमखास येणार" यादी बघून ढीग करू नका, मी ती उघडतही नाही. कृती कोरी सोडू नका, चौकटीत सुचेल ते लिहा. भूमितीला हीच वाटणी जशीच्या तशी लावू नका, तिथे प्रमेयं सिद्ध करायची असतात, हिशेब वेगळा. आणि ज्याला नव्वदच्या वर पाहिजेत त्याने हे वाचूच नये. त्याला शेंडेच चढायचे आहेत.

त्या पोराने शेवटच्या 2 तासांत सोडवलेला पेपर मी तपासला. पहिल्या प्रश्नात 7, दुसऱ्यात 10, तिसऱ्यात 6, पाचव्यात शून्य. चौथ्यात 2 मिळाले, शाब्दिक गणिताला हात न लावता, आलेखाच्या सारणीवर. एकूण 25. पेपर हातात घेऊन तो म्हणाला, "सर, शाब्दिक एक तरी करून बघू का?" दोन दिवस राहिले होते. मी वही काढून घेतली आणि त्याला पत्त्यांची आणि फाशांची गणितं दिली.