ऑप्शनची हमी आणि मार्जिन: या चुका टाळा

ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाला शेअरसारखी गोष्ट घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क. तो विकत घेणाऱ्याच्या मनात एक रास्त शंका असते. भाव माझ्या बाजूने भरपूर गेला आणि विकणाऱ्याने हात वर केले, तर माझे पैसे कोण देणार? क्लिअरिंग हाउस, म्हणजे सौद्यांच्या मध्ये उभं राहून ते पुरे होण्याची हमी घेणारी संस्था, देतं, हे उत्तर बहुतेकांना पाठ असतं. पण ते कसं देतं, कुठल्या पैशातून देतं आणि त्या हमीची हद्द कुठे संपते, याबद्दलचे गैरसमज महागात पडतात. विकणाऱ्यांना तर जास्तच, कारण त्या हमीचा पहिला हप्ता मार्जिन म्हणून, म्हणजे तारण ठेवलेल्या पैशांच्या रूपात, त्यांच्याच खात्यातून जातो.

चूक: समोरचा माणूस कोण आहे, यावर आपली सुरक्षितता ठरते असं मानणं

एक्स्चेंजवर सौदा जुळला की तो क्लिअरिंग हाउसकडे नोंदवला जातो आणि त्या क्षणी एका कराराचे दोन करार होतात. एकात विकणारा आणि क्लिअरिंग हाउस, दुसऱ्यात क्लिअरिंग हाउस आणि तुम्ही. मूळ विकणाऱ्याशी तुमचं नातं तिथेच संपतं. त्याने दुपारी सौदा कापला, दिवाळं काढलं किंवा पोझिशन, म्हणजे उघडा सौदा, वर्षभर धरून ठेवली, तरी तुमच्या कागदात काहीच बदलत नाही.

हे नीट दिसतं ते ऑप्शन वापरताना. तुम्ही हक्क बजावला की क्लिअरिंग हाउस तोच ऑप्शन विकून बसलेल्यांपैकी कुणावर तरी ती जबाबदारी टाकतं. अनेक बाजारांत ही निवड चक्क चिठ्ठी पद्धतीने होते. ज्याच्यावर ती येते त्याने तुम्हाला कधी काही विकलेलंही नसतं.

यातून एक सरळ तपासणी निघते. तुमचा ऑप्शन क्लिअरिंग हाउसमध्ये नोंदला जातो का? बँकेशी किंवा एखाद्या कंपनीशी परस्पर केलेला ऑप्शन करार दिसायला तसाच असतो, स्ट्राइक म्हणजे ठरलेला भाव आणि एक्स्पायरी म्हणजे मुदत संपण्याची तारीख तीच असते, पण तिथे मध्ये कुणी उभं नसतं. त्या करारात समोरच्याची पत हीच तुमची हमी.

चूक: मार्जिन म्हणजे जास्तीत जास्त नुकसान, असं धरून चालणं

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. चलन कुठलंही धरा.

शेअरचा भाव १०० आहे. एकाने ११० स्ट्राइकचा, महिनाभर मुदतीचा कॉल, म्हणजे शेअर ११० ला घेण्याचा हक्क, ३ ला विकला. करार १०० शेअर्सचा, म्हणजे प्रीमियम ३००. घेणाऱ्याने ३०० पूर्ण भरले आणि त्याची देण्याची बाजू तिथेच संपली. यापुढे त्याचं जे जायचं ते या ३०० मधूनच जाईल, म्हणून त्याच्याकडून मार्जिन मागण्याचं कारण उरत नाही. विकणाऱ्याचं उलट आहे. पैसे आज मिळाले, जबाबदारी महिनाभर शिल्लक, आणि ती किती मोठी होईल हे आज कुणालाच ठाऊक नाही.

क्लिअरिंग हाउस मग स्वतःला एक प्रश्न विचारतं: हा माणूस आज पैसे भरायला थकला, तर त्याची पोझिशन बाजारात बंद करायला मला दोनेक दिवस लागतील, तेवढ्या वेळात मला किती फटका बसू शकतो? समजा त्याच्या हिशेबात भाव वाईटात वाईट १२ टक्के वर जाईल. शेअर ११२ ला गेला तर हा कॉल सुमारे ८ ला मिळेल, म्हणजे परत घ्यायला ८०० लागतील. म्हणून मार्जिन ८००. त्यात प्रीमियमचे ३०० धरलेले आहेत, विकणाऱ्याने स्वतःचे ५०० घातले.

आता शेअर १०६ वर गेला. कॉल ५ चा झाला. विकणाऱ्याला वाटतं, भाव अजून ११० च्या खाली आहे, माझं काहीच बिघडलेलं नाही. क्लिअरिंग हाउसचा हिशेब मात्र पुन्हा सुरू होतो: इथून १२ टक्के वर म्हणजे साधारण ११९, तिथे कॉल १२ च्या आसपास. आता १,२०० हवेत. आणखी ४०० भरण्याची मागणी, म्हणजे मार्जिन कॉल, येतो.

तो भरला गेला नाही असं समजू. सहसा ब्रोकर इथेच पोझिशन कापतो, आणि बहुतेक करारपत्रांत न विचारता कापण्याचा अधिकार त्याने घेतलेला असतो. पण रात्रीत मोठी बातमी आली आणि सकाळी बाजार थेट १२५ ला उघडला, तर कापायला मधली वेळच मिळत नाही. कॉल १७ ला आहे. परत घ्यायला १,७०० लागतात, जमा आहेत ८००. उरलेले ९०० विकणाऱ्याच्या अंगावर येतात. खातं उणे जातं, आणि ते पैसे ब्रोकर कायदेशीर मार्गाने वसूल करतो.

मार्जिनमध्ये इतकी कसर का ठेवतात? क्लिअरिंग हाउससाठीच्या २०१२ च्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांनुसार सुरुवातीच्या मार्जिनने संभाव्य शंभर प्रसंगांपैकी निदान ९९ प्रसंगांतलं नुकसान झाकलं पाहिजे. उरलेला एक टक्का उघडाच असतो, आणि मोठ्या बातमीची सकाळ नेमकी त्यात बसते. शंभर टक्के झाकायचं म्हटलं तर कॉल विकणाऱ्याला अमर्याद पैसे ठेवावे लागतील, कारण शेअरच्या भावाला वर छत नसतं.

म्हणून विकण्याआधी खात्यातल्या मार्जिनच्या आकड्यावर थांबू नका. भाव एका रात्रीत २५ टक्के सरकला तर पोझिशन बंद करायला किती लागतील, हे स्वतः काढा. तेवढे पैसे खात्याबाहेरूनही उभे राहत नसतील तर पोझिशन मोठी आहे.

चूक: हमी क्लिअरिंग हाउसच्या तिजोरीतून येते असं समजणं

वरच्या उदाहरणात घेणाऱ्याचं काय झालं? काहीच नाही. त्याचा ऑप्शन १७ चाच आहे, आणि एक्स्पायरीला भाव १३० राहिला तर २० प्रमाणे २,००० त्याला मिळतील. प्रश्न इतकाच की ते ९०० कोण सोसतं.

पहिला मान ब्रोकरचा. क्लिअरिंग हाउस तुम्हा-आम्हाला ओळखत नाही, ते फक्त आपल्या क्लिअरिंग मेंबरला, म्हणजे आपल्याकडे थेट सभासद असलेल्या ब्रोकरला किंवा बँकेला, ओळखतं. ग्राहक थकला तरी मेंबरला वेळेवर भरावंच लागतं. मेंबरही बुडाला तर आधी त्याने ठेवलेलं मार्जिन जातं, मग सगळ्या मेंबरांनी मिळून भरलेल्या डिफॉल्ट फंडातला त्याचा स्वतःचा वाटा, मग क्लिअरिंग हाउसने स्वतःचे म्हणून वेगळे काढलेले पैसे, आणि त्यानंतर डिफॉल्ट फंडातले बाकीच्या मेंबरांचे वाटे. तेही अपुरे पडले तर मेंबरांकडून जादा वर्गणी मागितली जाते. म्हणजे ही हमी मुख्यतः एकमेकांची आहे, आणि ती पुढच्या पायरीवर जाऊ नये म्हणून सगळ्यात पुढे मार्जिन उभं केलेलं आहे.

हा क्रम खरोखर वापरावा लागतो. सप्टेंबर २०१८ मध्ये नॅस्डॅक क्लिअरिंग या क्लिअरिंग हाउसमध्ये विजेच्या फ्युचर्सचा, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांचा, एक मोठा सौदेकरी थकला. नॉर्डिक आणि जर्मन विजेच्या भावातलं अंतर एका दिवसात त्याच्या विरुद्ध प्रचंड सरकलं. त्याने ठेवलेले पैसे संपल्यावरही ११.४ कोटी युरोंचा खड्डा उरला. त्यात क्लिअरिंग हाउसचे स्वतःचे ७० लाख गेले आणि १०.७ कोटी बाकीच्या मेंबरांच्या डिफॉल्ट फंडातून. सौदे ऑप्शनचे नव्हते, पण पायऱ्या याच. ज्यांनी त्या माणसाशी कधी व्यवहारही केला नव्हता, त्यांना भरावं लागलं. आणि त्याच्या समोरच्या बाजूला असलेल्यांचे पैसे मात्र बुडाले नाहीत.

फंडच तुटपुंजा असेल तर काय होतं, ते १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये हाँगकाँगने पाहिलं. तिथल्या फ्युचर्स बाजाराची हमी घेणाऱ्या संस्थेचं भांडवल अवघं दीड कोटी हाँगकाँग डॉलर होतं. जगभर बाजार कोसळल्यावर एक्स्चेंज चार दिवस बंद राहिलं आणि अब्जावधींची मदत उभी करावी लागली. हमीची ताकद म्हणजे तिच्यामागचा पैसा, हे तिथे उघड झालं.

चूक: ही हमी आपल्या ब्रोकरच्या बुडण्यालाही लागू आहे असं मानणं

घेणारे इथे गाफील राहतात. क्लिअरिंग हाउस करार पुरा होण्याची हमी मेंबरला देतं. मेंबरकडे आलेले पैसे तुमच्यापर्यंत पोचण्याची हमी वेगळ्या नियमांवर चालते. ग्राहकांचे पैसे आणि पोझिशन्स ब्रोकरच्या स्वतःच्या खात्यापासून वेगळ्या ठेवलेल्या असतील, तर ब्रोकर बुडाल्यावर त्या दुसऱ्या मेंबरकडे हलवता येतात. पण काही व्यवस्थांत सगळ्या ग्राहकांचं एकच सामाईक खातं असतं, आणि त्यातल्या एका मोठ्या ग्राहकाचा तोटा बाकीच्यांपर्यंत पोचू शकतो. तुमचं मार्जिन तुमच्या नावाने नोंदलं जातं की सामाईक खात्यात, हे करारपत्रात लिहिलेलं असतं. पाच मिनिटांचं वाचन आहे, जरूर करा. खात्यात गरजेपेक्षा जास्त पडलेले पैसेही वेळोवेळी बाहेर काढत चला. ते तिथे राहून तुमच्या एकाही ऑप्शनला जास्त सुरक्षित करत नाहीत.

मार्जिन अचानक वाढलं, तर आधी काय पाहाल

भाव जागच्या जागी आहे आणि तरीही मार्जिन वाढलंय, ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा ब्रोकरची चूक नसते. ऑप्शनचा प्रीमियम बघा: निकालाच्या किंवा मोठ्या घोषणेच्या आधी तो शेअर न हलताही फुगतो, कारण बाजार मोठ्या हालचालीची शक्यता धरू लागतो. क्लिअरिंग हाउसचा १२ टक्क्यांचा अंदाजही तेव्हा १५ होऊ शकतो. तो बदल परिपत्रकाने जाहीर होतो आणि जुन्या पोझिशन्सनाही लागू पडतो.

दुसरं कारण बरेचदा आपल्याच हाताने घडतं. ११० चा कॉल विकून १२० चा कॉल घेतलेला असेल, तर भाव कुठेही गेला तरी शेअरमागे १० च्या वर देणं लागत नाही, म्हणून मार्जिन १,००० च्या वर जायचं कारण नसतं. आता पोझिशन बंद करताना नफ्यात दिसतो म्हणून १२० चा आधी विकला, की त्या क्षणी ११० चा कॉल उघडा पडतो. मार्जिन एकदम उसळतं, पैसे अपुरे पडतात, आणि ब्रोकरची यंत्रणा उरलेला पाय, म्हणजे जोडीतला विकलेला ११० चा कॉल, मिळेल त्या भावाला कापते. बंद करताना नेहमी विकलेला पाय आधी परत घ्या, घेतलेला नंतर विका. शक्य असेल तर दोन्ही एकाच ऑर्डरमध्ये टाका.