टेरेनच्या चंकांमधली फट: स्कर्ट किती खोल ठेवायचा?

शेजारच्या दोन चंकांचा एलओडी वेगळा असला की कडेवर बारीक फटी पडतात आणि त्यातून आकाशाचा रंग चमकतो. स्कर्ट लावला की त्या झाकल्या जातात, पण बरेच जण खोली अंदाजाने ठेवतात. ती मोजून काढता येते.

१. बारीक चंकच्या कडेवर, जाड शेजाऱ्याकडे नसलेला प्रत्येक बिंदू घ्या. एक पातळीच्या फरकात तो एकाआड एक येतो. फट अशी मोजा:

```
gap = abs(h[i] - (h[i-1] + h[i+1]) / 2)
```

समजा उंची १०, १३, १२ मीटर आहे. जाड चंकची कड मधे ११ वर आहे, म्हणजे फट २ मीटर.

२. कडेवरची सर्वांत मोठी फट आणि वर थोडी जास्तीची, एवढी स्कर्टची खोली. पातळ्यांत दोनचा फरक पडू शकत असेल तर तुलना चार घरांच्या सरळ रेषेशी करा, नाहीतर स्कर्ट तोकडा पडेल.

३. स्कर्ट दोन्ही चंकांना लावा. ज्याची कड वर असते त्याचाच स्कर्ट फट झाकतो, आणि दऱ्यांमध्ये वरची कड जाड चंकची असते.

४. स्कर्टच्या खालच्या बिंदूंना नॉर्मल आणि यूव्ही कडेच्या बिंदूचेच द्या. उभ्या भिंतीवरून नॉर्मल काढले तर फटीच्या जागी काळपट रेघ दिसते.

फट तरीही दिसत असेल तर आधी त्रिकोणांचा क्रम तपासा. स्कर्टचे तोंड चंकच्या बाहेर हवे.

जपायचे एकच: कोलिजन मेशमध्ये स्कर्ट घेऊ नका, चाके त्यावर अडखळतात.