कृत्रिम डोळा: कधी काढायचा, कसा धुवायचा, परत कसा बसवायचा आणि आरशात बघायची सवय कशी लावायची

माझा डावा डोळा मार लागून निकामी झाला आणि काढावा लागला, त्याला आता ८ वर्षं झाली. तेव्हा मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल तर चिपडांचा. ऑपरेशन निभावलं, डोळा बसवायलाही काही वाटलं नाही, पण दिवसभर डोळ्यातून ते पांढरं चिकट यायचं आणि माणसांसमोर सारखं पुसत बसावं लागायचं त्याने मी रडकुंडीला आले होते. आणि त्यात चूक माझीच होती, मी डोळा गरजेपेक्षा जास्त वेळा काढत होते. म्हणून हा लेख मुख्यतः त्यावरच आहे.

आधी आत काय असतं ते थोडक्यात सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की आत मोठं भोक आहे आणि त्यात अख्खा गोळा बसवलाय. तसं नाहीये. ऑपरेशनमध्ये खोबणीत आत एक गोल इम्प्लांट बसवतात, त्यावर डोळ्याचे स्नायू आणि मऊ आवरण येतं, म्हणजे तो कायमचा आत बंद. त्यावर सुरुवातीचे साधारण ६ ते ८ आठवडे एक पारदर्शक वाटीसारखा तुकडा ठेवतात, त्याला कन्फॉर्मर म्हणतात, सूज उतरेपर्यंत पापण्यांमागची जागा आखडू नये म्हणून. मग ऑक्युलरिस्ट त्या जागेचं माप घेऊन ॲक्रिलिकचा डोळा बनवतो. तो गोळा नसतो, वाटीच्या तुकड्यासारखा वक्र कवच असतो, पापण्यांच्या मागे सरकून बसतो आणि त्याच्यामागे फक्त गुलाबी ओलसर त्वचा असते, गालाच्या आतल्या बाजूला असते ना अगदी तशीच. आपण काढतो-घालतो ते फक्त हे कवच.

किती वेळा काढायचा

मी पहिले ३ महिने रोज रात्री काढायचे. मला वाटायचं दात घासतो तसं हे पण रोज स्वच्छ पाहिजे. वर अँटिसेप्टिकच्या पाण्यात बुडवून ठेवायचे आणि सकाळी टॉवेलने खसाखसा पुसून घालायचे. झालं काय, तर सकाळी पापण्या चिकटलेल्या, दिवसातून दहा-बारा वेळा पुसणं, आणि जितकं जास्त यायचं तितकी मी जास्त स्वच्छता करायचे. दोनदा थेंब बदलून झाले. शेवटी ऑक्युलरिस्टने डोळा हातात घेऊन भिंगाखाली बघितला तर पुढच्या बाजूला बारीक बारीक ओरखडे, टॉवेलचेच. ओरखड्यात अश्रूंमधले पदार्थ अडकून वाळतात, प्रत्येक वेळी पापणी मिटली की तो खरखरीत भाग पापणीच्या आतल्या बाजूला घासतो आणि ती बाजू चिडून आणखी चिकट स्राव सोडते. शिवाय रोज काढताना-घालताना बोटं लागतात, पापण्या ताणल्या जातात, तो त्रास वेगळाच.

त्यांनी डोळा पॉलिश करून दिला आणि सांगितलं की आता महिनाभर हात लावू नको. पहिले दोन आठवडे मला काही फरक वाटला नाही आणि हात सारखे शिवशिवत होते, पण तिसऱ्या आठवड्यात कमी झालं आणि महिन्याच्या शेवटी फक्त सकाळी एकदा पुसावं लागायचं. तेव्हापासून मी महिन्यातून एकदाच काढते. कोणाला दीड-दोन महिने चालतं, कोणाला धुळीच्या कामामुळे लवकर काढावा लागतो, आणि ज्यांच्या डॉक्टरांनी काही कारणाने रोज काढायला सांगितलंय त्यांनी तसंच करायचं. पण कारण नसताना रोज काढू नका. झोपताना पण आतच ठेवायचा, त्याने काही होत नाही. उलट काढून बरेच दिवस बाहेर ठेवला तर जागा आखडते आणि मग तोच डोळा परत बसत नाही.

काढणं

टेबलाशी बसा, समोर मऊ टॉवेल घडी करून पसरा. बेसिनवर उभं राहून काढायचाच असेल तर आधी बेसिनचं भोक बंद करा, प्लीज. ॲक्रिलिक काचेसारखं फुटत नाही पण फरशीवर पडून टवका उडू शकतो आणि पाईपमध्ये गेला तर गेलाच. हात साबणाने धुवा, साबण पूर्ण निघू द्या.

आता वर बघा. तर्जनीने खालची पापणी खाली ओढा आणि डोळ्याच्या खालच्या कडेच्या खाली बोट हलकंसं आत दाबा, की कड पापणीवरून बाहेर येते आणि डोळा खाली घसरतो, दुसरा हात खाली ओंजळीसारखा तयार ठेवायचा. बोटाने जमत नसेल तर छोटा रबरी सक्शन कप मिळतो, तो ओला करून दाबायचा, बुबुळावर टेकवून सोडायचा म्हणजे चिकटतो, मग वर बघत खालची पापणी खाली ओढायची आणि खालची कड आधी बाहेर काढायची. सरळ पुढे ओढू नका, वरची कड अडकते आणि दुखतं.

धुणं

कोमट पाणी आणि वास नसलेला सौम्य साबण, बस. बोटांच्या मधे धरून पुढून-मागून चोळा. वाळलेला थर निघत नसेल तर नखाने खरवडू नका, १०-१५ मिनिटं सलाईनमध्ये ठेवा आणि परत चोळा. साबण पूर्ण धुवून काढा, नाहीतर घातल्यावर आग होते. पुसायचाच असेल तर मऊ ओल्या टिश्यूने, नाहीतर ओलाच घाला, ओला जास्त सहज जातो. स्पिरिट, सॅनिटायझर, ब्लीच, टूथपेस्ट, उकळतं पाणी यातलं काहीही नाही. स्पिरिटने ॲक्रिलिकला आतून बारीक तडे जातात आणि ते पॉलिशनेही नीट जात नाहीत. काही कारणाने बाहेर ठेवावा लागला तर कोरडा ठेवू नका, झाकणाच्या डबीत सलाईनमध्ये ठेवा.

डोळा बाहेर असतानाच खोबणीकडे एकदा नीट बघा. गुलाबी आणि ओलसर म्हणजे ठीक. मधे पांढरट कडक काही दिसलं, म्हणजे आतला इम्प्लांट उघडा पडलाय असं वाटलं, किंवा मांसाचा लाल फुगा आलेला दिसला तर डॉक्टरांना दाखवायचं.

परत बसवणं

इथे सुरुवातीला सगळेच गोंधळतात की वरची बाजू कुठली. प्रत्येकाचा आकार वेगळा असतो म्हणून फोनमध्ये फोटो काढून ठेवा, किंवा ऑक्युलरिस्टला वरच्या कडेला बारीक खूण करायला सांगा. मग एका हाताने वरची पापणी उचला, डोळ्याची वरची कड तिच्या खाली जाईल तितकी वर सरकवा, पापणी सोडून द्या आणि डोळा बोटाने तसाच धरून ठेवा. आता खालची पापणी खाली ओढा, की खालची कड आपोआप आत बसते. दोन-तीन वेळा पापण्या मिटा. बुबुळ नाकाकडे किंवा बाहेर बघतंय असं वाटलं किंवा पापणी मिटत नसेल तर तो फिरलाय, काढून परत घाला. मला पहिल्यांदा २० मिनिटं लागली होती, आता एक मिनिटही लागत नाही.

मधल्या दिवसांत

पुसताना डोळा मिटून, बाहेरच्या कोपऱ्याकडून नाकाकडे पुसायचं. नाकाकडून बाहेर पुसलं की डोळा फिरतो किंवा खालून निसटतो, माझा एकदा भर मीटिंगमध्ये निसटला होता आणि ते मी अजून विसरलेले नाही. कोरडं वाटत असेल तर डोळा न काढताच वरून थेंब टाकायचे, साधे आर्टिफिशियल टीअर्स चालतात पण ते लवकर वाळतात, कृत्रिम डोळ्यासाठी सिलिकॉन तेलाचे थेंब असतात ते जास्त वेळ टिकतात. फॅन किंवा एसीचा वारा थेट चेहऱ्यावर नको. पोहताना घट्ट गॉगल लावा नाहीतर डोळा काढून डबीत ठेवा, पाण्यात पडलेला सापडत नाही.

थोडं पांढरं किंवा पारदर्शक येणं चालतं. पिवळं-हिरवं, वास येणारं, रक्त मिसळलेलं आलं, खोबण दुखायला लागली, किंवा आधी नीट बसणारा डोळा वारंवार निसटायला लागला तर थांबू नका. आणि एक गोष्ट याहून महत्त्वाची: चांगला डोळा लाल झाला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसायला लागलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. एका डोळ्याला मार लागल्यानंतर दुसऱ्याला सूज येण्याचा एक प्रकार आहे, तो क्वचित होतो, पण वेळेत उपचार मिळाले तरच नजर वाचते. चांगल्या डोळ्यासाठी बाहेर आणि काम करताना पॉलिकार्बोनेटचा चष्मा वापरा, नंबर नसला तरी.

मनाचं काय

मी पहिले कितीतरी दिवस डोळा काढताना आरशाकडे पाठ करायचे. नवऱ्याला बाथरूममध्ये येऊ द्यायचे नाही. मला उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे हळूहळू बघणं: आधी फक्त बोटांनी खोबण वरून चाचपली, मग मंद उजेडात आरशात, मग नीट उजेडात. दिसलं ते मी कल्पना केली होती तितकं भयंकर नव्हतं, पण ते मला कोणी सांगून पटलं नसतं. मग नवऱ्याला एकदा महिन्याच्या धुण्याच्या वेळी शेजारी बसवलं. तो काही बोलला नाही, टॉवेल धरून बसला, आणि त्या रात्री मी खूप रडले पण नंतर दार बंद करायची गरज वाटली नाही.

काहींना काढलेल्या डोळ्याच्या बाजूला रंग, चमक किंवा आकृत्या दिसतात, दुखल्यासारखं पण होतं. वेड लागलंय असं वाटून लोक गप्प बसतात. पाय कापल्यावरही पाय जाणवतो ना, तसंच हे आहे, डॉक्टरांना सांगा. आणि झोप उडाली, बाहेर जाणंच बंद झालं, असं आठवडेच्या आठवडे चाललं तर काउन्सेलरकडे जायला अजिबात लाजू नका.

लोकांसमोर एक साधी युक्ती: बाजूला बघायचं तर फक्त डोळा न फिरवता मान वळवा. कृत्रिम डोळा थोडाच हलतो त्यामुळे कोपऱ्यात बघितलं की फरक दिसतो, मान वळवली की दिसत नाही, शिवाय त्या बाजूचं जे दिसायचं बंद झालंय तेही दिसतं. अंतराचा अंदाज पहिले काही महिने चुकतो. पाणी ओतताना जगचं तोंड ग्लासच्या कडेला टेकवायचं, जिना उतरताना कठड्याला हात लावायचा. गाडी चालवण्याबद्दल डॉक्टरांशी बोलून आणि तुमच्याकडच्या नियमांप्रमाणेच ठरवा.

वर्षातून एकदा तरी पॉलिशला द्या, आणि साधारण ५ वर्षांनी नवीन बनवावा लागतो कारण आतली जागा बदलत जाते, वरची पापणी खोल गेल्यासारखी दिसायला लागते. मुलांना तर वाढीमुळे त्याच्या आधीच. जुना डोळा टाकू नका. माझा पहिला डोळा अजून डबीत आहे, नवीन पॉलिशला गेला आणि तासाभरात मिळणार नसेल तर मी तोच घालते.