अंड्याची पावडर आणि लिक्विड एग : पाणी किती, कधी, आणि कुठे चालत नाही

मोठी ऑर्डर असली की अंडी फोडत बसण्यात वेळ जातो, एखादं खराब निघालं तर सगळं भांडं वाया जातं, म्हणून बेकरीत आणि केटरिंगमध्ये पावडर किंवा कार्टनमधलं लिक्विड एग वापरतात. पण पहिल्यांदा पावडर घेतलेल्या बऱ्याच जणांचा केक कोरडा नाहीतर चिवट होतो आणि दोष पावडरला जातो. बहुतेक वेळा चूक पाण्याच्या हिशोबात असते, त्यामुळे आधी तो हिशोब नीट बघू.

एका मध्यम अंड्याचं कवच काढल्यावर साधारण 50 ग्रॅम माल मिळतो आणि त्यात जवळपास तीन चतुर्थांश पाणी असतं. पावडर करताना ते पाणी उडवलेलं असतं, म्हणजे ते परत घालायचं एवढंच. अख्ख्या अंड्याच्या पावडरला वजनाने 1 भाग पावडर, 3 भाग पाणी. एका अंड्यासाठी 12.5 ग्रॅम पावडर आणि 37.5 ग्रॅम पाणी. नुसत्या पांढऱ्याची पावडर असेल तर हेच प्रमाण चालणार नाही, कारण पांढऱ्यात जवळजवळ 88 टक्के पाणी असतं, तिथे 1 भाग पावडरला 7 भाग पाणी लागतं. आणि बलकात निम्म्याच्या आसपासच पाणी, म्हणून बलकाच्या पावडरला पाणी बरोबरीने किंवा किंचित जास्त. पाकिटावर कंपनीने वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच धरायचं, काही पावडरमध्ये साखर किंवा स्टार्च मिसळलेला असतो. मेरिंग पावडर ही तसलीच, ती नुसत्या पांढऱ्याच्या पावडरच्या जागी तशीच घालू नका.

आणि चमचे नकोत, वजनकाटा घ्या. ही पावडर हलकी आणि फुसफुशीत असते, दाबून भरलेला चमचा आणि सैल भरलेला चमचा यात खूप फरक पडतो, एका अंड्याला ते खपून जाईल पण चाळीस अंड्यांना नाही.

एक घाणा करून बघू

समजा मफिनच्या रेसिपीत 40 अंडी आहेत. 40 गुणिले 50 म्हणजे 2 किलो अंडं. त्याचा चौथा हिस्सा पावडर, म्हणजे 500 ग्रॅम, आणि बाकीचं 1500 ग्रॅम पाणी. पाण्याचं 1 मिली म्हणजे 1 ग्रॅम, त्यामुळे दीड लिटर घेतलं तरी तेच.

पहिलं काम, पावडर चाळून घ्या. साठवताना तिचे छोटे गोळे होतात आणि पाण्यात गेल्यावर ते बाहेरून ओले, आतून कोरडे राहतात, मग कितीही फेटा, फुटत नाहीत. चाळलेली पावडर रुंद भांड्यात घ्या आणि त्यावर आधी फक्त अर्धा लिटर पाणी घाला, सगळं एकदम नाही. पाणी साधं किंवा अगदी कोमट, हाताला गरम लागेल असं नको, कारण पांढऱ्यातली प्रोटीन्स 60 अंशांच्या आसपास आळायला लागतात आणि मग भांड्यात शिजलेल्या अंड्याचे कण तरंगताना दिसतात. व्हिस्कने घोटून घट्ट, गुळगुळीत पेस्ट करा. घट्ट पेस्टमध्ये गुठळी व्हिस्कखाली चिरडली जाते, पातळ पाण्यात ती नुसती पळत राहते, म्हणून हे दोन टप्प्यात करायचं. पेस्ट एकजीव झाली की उरलेलं एक लिटर पाणी धारेने घालत ढवळा, जोरात फेटू नका, उगाच फेस येतो.

आता झाकून 15-20 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. ही पायरी लोक हमखास गाळतात. पावडरचा कण दिसायला विरघळलेला वाटतो पण आतपर्यंत पाणी मुरायला वेळ लागतो. झालं की नाही हे कसं कळणार? दोन बोटांत एक थेंब घेऊन चोळा, बारीक रव्यासारखी खरखर लागली तर अजून थांबा, गुळगुळीत लागला तर गाळणीतून गाळा आणि वापरा. रंग ताज्या अंड्यापेक्षा थोडा फिका किंवा पिवळट-केशरी असू शकतो, त्याने काही बिघडत नाही.

लोणी-साखर फेटून करायच्या केकमध्ये हे मिश्रण फ्रिजमधून काढून तसंच थंडगार ओतू नका, लोणी आखडतं आणि बॅटर फाटल्यासारखं दिसतं. थंडपणा थोडा कमी होऊ द्या, आणि घालतानाही चार-पाच वेळा थोडं थोडं घाला. पण फार वेळ बाहेरही ठेवू नका. कोरड्या पावडरमध्ये जंतू वाढत नाहीत पण ते जिवंत राहू शकतात आणि पाणी घातल्याच्या क्षणापासून ते अंडं ताज्या फोडलेल्या अंड्याइतकंच नाजूक झालेलं असतं. म्हणून लागेल तेवढंच भिजवायचं, लगेच लागणार नसेल तर 4 अंशांच्या खाली ठेवायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. उरलं तर टाकून द्या.

भिजवायचं टाळता येतं का?

येतं, आणि मफिन, कुकी, पॅनकेकच्या पिठासाठी मला तर हेच सोपं वाटतं. 500 ग्रॅम पावडर मैद्याबरोबर दोनदा चाळायची आणि दीड लिटर पाणी रेसिपीतल्या दूध-पाण्यात मिळवायचं, वेगळं भांडं नाही, भिजवलेलं अंडं सांभाळायची भानगड नाही. फक्त बॅटर मळल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा मग साच्यात भरा, कारण पावडर सावकाश पाणी ओढते, सुरुवातीला बॅटर सैल वाटतं आणि नंतर घट्ट होतं. सैल दिसलं म्हणून अजून मैदा ढकलला की झालाच तो कोरडा केक.

फुलवायचं असेल तेव्हा

इथे मात्र पावडरची मर्यादा येते. अख्खी अंडी आणि साखर फेटून फुलवतात तो स्पंज साध्या होल एग पावडरवर ताज्यासारखा फुलत नाही. वाळवताना बलकातल्या चरबी-प्रोटीनची मूळ बांधणी मोडते, चरबी सुटी होते आणि सुटी चरबी फेसाला बसू देत नाही. असा स्पंज करायचा तर लिक्विड एग घ्या, नाहीतर केक जेल आणि बेकिंग पावडरवर चालणारी रेसिपी धरा. नुसतं जास्त वेळ फेटून ते होणार नाही.

पांढऱ्याची पावडर मात्र मस्त फुलते. वाळवण्याआधी कारखान्यात पांढऱ्यातली थोडीशी ग्लुकोज काढून टाकतात, नाहीतर साठवणीत पावडर तपकिरी पडते आणि वासही बदलतो. ही पावडर दोन जातीची मिळते, एक फेसासाठी आणि एक घट्ट आळण्यासाठी, मेरिंग आणि मॅकरॉनला पहिलीच घ्या. 10 अंड्यांच्या पांढऱ्यासाठी 40 ग्रॅम पावडर, 280 ग्रॅम पाणी. इथे पेस्ट करायची नाही, उलट कोमट पाण्यावर पावडर थोडी थोडी भुरभुरवायची, हलक्या हाताने ढवळायचं आणि अर्धा तास तसंच सोडायचं, किंवा रात्रभर झाकून फ्रिजमध्ये. सकाळी चिकट, स्वच्छ द्रव मिळतो, तो गाळून फेटायचा. भांड्याला तेलाचा हात लागलेला नको हे इथेही लागू. रॉयल आयसिंगसारखं न शिजवता खायचं असेल तर पावडर तशा वापरासाठी चालते असं पाकिटावर लिहिलेलं आहे का तेवढं बघून घ्या.

लिक्विड एगचं गणित

लिक्विड एगमध्ये पाणी घालायचं नसतं. ऐकायला साधं वाटतं पण पावडरची सवय झालेल्या किचनमध्ये नवीन पोरं कार्टनमध्येही पाणी ओततात. ते फोडलेलं, गाळलेलं आणि पाश्चराइज केलेलं अंडंच आहे, एक अंडं म्हणजे 50 ग्रॅम, 1 किलोचं कार्टन म्हणजे 20 अंडी. पांढरं असेल तर एकाला साधारण 33 ग्रॅम, बलक असेल तर 17-18 ग्रॅम. उघडायच्या आधी कार्टन हलवा, बलकाचा जड भाग खाली बसलेला असतो. उघडल्यावर 4 अंशांच्या खाली ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा, त्यापुढे छापलेली तारीख धरायची नाही, ती बंद कार्टनची असते.

नाश्त्याला 50 जणांची भुर्जी किंवा स्क्रॅम्बल्ड एग करायची तर माणशी दोन अंडी म्हणजे 5 किलो, पाच कार्टन. एकाच कढईत पाचही ओतू नका. एक-दीड किलोचे घाणे करा, किंचित ओलसर असताना उतरवा, कारण गरम ट्रेमध्ये ते पुढे शिजतच राहतं. आणि ट्रेमध्ये तासन् तास ठेवलं की ते हिरवट-करडं पडतं. पांढऱ्यातला गंधक आणि बलकातलं लोह उष्णतेने एकत्र येऊन हा रंग तयार होतो, अंडं खराब झालेलं नसतं पण ताटात कोणी हात लावत नाही. केटरिंगसाठी बनवलेल्या बऱ्याच लिक्विड एगमध्ये थोडं सायट्रिक ॲसिड असतं ते याचसाठी. नसेल तर किलोमागे चमचाभर लिंबाचा रस चालतो, आणि मुख्य म्हणजे ट्रे छोटा ठेवून वारंवार ताजा घाणा काढायचा.

पाश्चराइज केलेलं पांढरं फेटायला ताज्यापेक्षा जास्त वेळ घेतं, कधी कधी दुपटीनेही. मशीन मधेच बंद करू नका, चिमूटभर क्रीम ऑफ टार्टर घाला आणि कार्टनवर ते फेटण्यासाठी चालेल असं लिहिलंय का हे विकत घेतानाच बघा.

गोठवलेलं घेत असाल तर आदल्या दिवशी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा, मोठी बादली असेल तर दोन-तीन दिवस आधी, ओट्यावर ठेवून कधीच नाही, बाहेरचा थर गरम होतो आणि आत बर्फ तसाच. गोठवलेल्या बलकाचं लेबल तर वाचाच. नुसता बलक गोठला की वितळल्यावरही जेलीसारखा घट्ट राहतो, म्हणून कंपन्या त्यात बहुतेक 10 टक्के साखर किंवा मीठ घालतात. साखरेचा बलक कस्टर्डला घेतला तर किलोमागे 100 ग्रॅम साखर रेसिपीतून कमी करायची, आणि तिथे अंड्याचं वजनही 900 ग्रॅमच धरायचं. मिठाचा बलक मेयोनीजला ठीक, कस्टर्डच्या पातेल्यात गेला तर ते पातेलं गेलंच.