एका स्लिटवर अभ्रक ठेवल्यावर फ्रिंज किती सरकतात, ते कसं काढावं आणि कसं पाहावं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पीयूसीची मुलं सीईटीसाठी या प्रश्नाचं सूत्र पाठ करतात. दोन बारीक स्लिटमधून लेझर भिंतीवर पाडून बघायला गेलं की मात्र बुचकळ्यात पडतात, कारण फ्रिंज, म्हणजे उजेड-अंधाराचे पट्टे, सरकलेले दिसतच नाहीत. सूत्र खरं आहे, फसवतो तो लेझर.

आधी पट्ट्याची रुंदी काढा. लाल लेझरची तरंगलांबी 650 नॅनोमीटर, दोन स्लिटमधलं अंतर 0.25 मिमी, भिंत 2 मीटरवर. तरंगलांबीला भिंतीच्या अंतराने गुणून स्लिटच्या अंतराने भागा: 5.2 मिमी. सगळं आधी मीटरमध्ये घ्या, निम्म्या चुका तिथेच होतात. लेझरकडे थेट बघू नका.

आता एका स्लिटवर 3.36 मायक्रॉन जाडीचा अभ्रकाचा पापुद्रा ठेवा. अभ्रकाचा अपवर्तनांक 1.58. पापुद्र्याने तेवढ्याच जाडीची हवा हटवली, म्हणून जादा प्रकाशीय अंतर जाडीच्या 1.58 पट नसून 0.58 पट, म्हणजे सुमारे 1.95 मायक्रॉन. त्याला तरंगलांबीने, म्हणजे 0.65 मायक्रॉनने भागलं की 3 येतात. तीन पट्टे, म्हणजे 15.6 मिमी. झाकलेल्या स्लिटचा प्रकाश मागे पडतो. बरोबरी साधायला दुसऱ्याला जास्त चालावं लागतं, म्हणून मधला पट्टा झाकलेल्या बाजूलाच सरकतो. पट्ट्यांची रुंदी बदलत नाही.

तीन पूर्ण पट्टे सरकले की तेजस्वीच्या जागी तेजस्वी येतो आणि लेझरचे सगळे पट्टे एकाच रंगाचे, त्यामुळे भिंतीवर पहिल्यासारखंच चित्र दिसतं. सरकणं 3.4 असतं तरी ते 0.4 की 3.4 हे नुसतं बघून कळलं नसतं.

पापुद्र्याची कड दोन स्लिटमधल्या काळ्या पट्टीवर, भिंगाखाली बसवा. ती स्लिटवर आली तर पट्टे फिके पडतात. दोन्ही झाकल्या गेल्या तर काहीच सरकत नाही, आणि हे तीन पट्टे सरकल्यासारखंच दिसतं! ओळखायला पापुद्र्याचं वरचं टोक हळूच पुढे कलवा, कड स्लिटला समांतर ठेवूनच. एकच स्लिट झाकलेली असेल तर 30 अंशांना पट्टे साधारण पाव पट्ट्याने सरकतील. दोन्ही झाकलेल्या असतील तर जागचे हलणार नाहीत.

पूर्ण आकडा हवा तर पांढरा प्रकाश वापरा. अरुंद फटीमागे साधा बल्ब लावा आणि डबल स्लिट डोळ्याशी धरून फटीकडे बघा. इथे फक्त मधलाच पट्टा पांढरा दिसतो, शेजारचे कडेला रंगीत होत विरून जातात. तो पांढरा पट्टा चित्राच्या सर्वांत उजळ मध्यापासून कुठे गेला ते आधी टिपा, मग लाल पारदर्शक कागद आडवा धरून तिथपर्यंतचे पट्टे मोजा. पापुद्रा जाड असेल तर पांढरा पट्टा उजळ भागाबाहेर जाऊन अंधूक होतो, म्हणून जितका पातळ सोलता येईल तितका सोला.